‘ऑल स्टेशन्स’ कोणी बोलवायचं?

गेल्या हिवाळ्यात ग्वारीघाटावर दुपारी तीन वाजता आमचे एक निवृत्त सुभेदार साहेब हातात पुष्पचक्र घेऊन उभे होते. चिता विझत आली होती. अंत्यसंस्कार चारला आहेत असं त्यांना आदल्या रात्री कळलं होतं. वेळ बदलून सकाळी अकराची झाली, ते मात्र त्यांच्यापर्यंत पोचलं नाही. गेलेला माणूस त्यांच्यासोबत एकाच बंकरमध्ये दोन हिवाळे काढलेला होता. मला फोन आला तेव्हा ते रागावले नव्हते. एवढंच म्हणाले, “सर, मला कुणी सांगितलं नाही.”

सांगितलं होतं. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी संदेश पडला होता, आणि तोही @all लावून, म्हणजे सर्वांना एकदम हाक मारून. तरीही तो चुकला. का चुकला हे शोधायला बसलो, तेव्हा धागा माझ्यापर्यंत येऊन पोचला. म्हणून हे लिहितो आहे.

जबलपूर म्हणजे फौजी गाव. ग्रेनेडियर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्स यांची रेजिमेंटल सेंटर्स इथे, 1 सिग्नल ट्रेनिंग सेंटर इथे. नोकरीच्या निमित्ताने आलेले कितीतरी मराठी जवान निवृत्तीनंतर इथेच घर बांधून राहिले. अशा मंडळींचा आमचा ग्रुप आहे, 212 जणांचा. त्यावर कामकाजाचं काही येत नाही. पेन्शनचे कागद, कॅन्टीनच्या वेळा, कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाची अंत्ययात्रा, एवढंच. ॲडमिन नऊ, त्यांतला एक मी.

एवढ्या मोठ्या ग्रुपवर दिवसभर काहीतरी येत राहतं, म्हणून बहुतेकांनी तो म्यूट केलेला असतो. म्यूट म्हणजे काय, इथे थोडा घोटाळा आहे. पुष्कळांना वाटतं की म्यूट केलं की संदेश बाहेरच अडतो. तसं नाही. संदेश फोनमध्ये येतोच. वाजायचं की गप्प बसायचं, एवढाच प्रश्न उरतो. म्यूट ही भिंत नाही, गेटवरचा संतरी आहे, आणि त्याला एक स्थायी आदेश दिलेला आहे: कुणालाही आत सोडू नकोस, पण माझं नाव घेऊन कुणी आलं तर मला उठव. व्हॉट्सॲपवर हे आधीपासून असंच आहे. ग्रुप म्यूट असला तरी कुणी @ लावून तुमचं नाव घातलं, किंवा तुमच्याच संदेशाला उत्तर दिलं, तर फोन वाजतो. ग्रुप अर्काइव्हमध्ये टाकलेला असला तरीही ही दोन कारणं चालतात.

ही सवलत मला पटते. दोनशे माणसांत कुणी माझं नाव घेतलं, तर गोष्ट बहुधा माझ्याशीच संबंधित असते. पण @all आलं आणि या आदेशात फट पडली. ते एकदम सगळ्यांचं नाव घेतं. संतरी बिचारा यादी बघतो, साहेबांचं नाव आहे, म्हणून दार उघडतो. आत येतो कुणाच्या तरी नातवाच्या वाढदिवसाचा केक.

ज्यांनी ही सोय बनवली त्यांना हे दिसत नव्हतं असं नाही. 2025 च्या अखेरीस व्हॉट्सॲपच्या चाचणी आवृत्तीत @all दिसू लागलं, तेव्हाच त्याला दोन लगाम होते. 32 सदस्यांपर्यंतच्या ग्रुपमध्ये कुणीही ते वापरू शकत होतं, त्याहून मोठ्या ग्रुपमध्ये फक्त ॲडमिन. आणि ज्याला ही हाक नको असेल त्याला ती वेगळी बंद करता येत होती. मग स्वतःचं नाव घेतलं तर फोन वाजणार, सर्वांना मारलेल्या हाकेला वाजणार नाही. बाकी ठिकाणीही हा प्रश्न आलेलाच आहे. डिस्कॉर्डवर सर्व्हर म्यूट केला तरी नाव घेतल्यावर कळतं, म्हणून @everyone आणि @here दाबून ठेवायची खूण तिथे वेगळी दिली आहे. टेलिग्राममध्ये ॲडमिनने संदेश वर टाचला आणि सर्वांना कळवायचं ठरवलं, तर म्यूट केलेल्यांनाही कळतं. म्हणजे म्यूट ओलांडून जायचा एक दरवाजा सगळ्यांनीच ठेवला आहे. त्याची किल्ली कुणाकडे, आणि आतून कडी लावता येते का, यात फरक.

आता आमच्या ग्रुपवर काय झालं ते सांगतो. घाटावरच्या त्या दिवसाआधीचे सहा दिवस मी वर सरकवत मोजले. @all अकरा वेळा आलं होतं. दोनदा स्नेहमेळाव्याची आठवण, एकदा वर्गणी, एकदा कॅन्टीन बंद असल्याची सूचना, तीनदा वाढदिवस, दोनदा पुढे ढकललेले व्हिडिओ. उरलेल्या दोनच खऱ्या निरोपाच्या होत्या. अकरापैकी चार माझ्या. स्नेहमेळाव्याच्या दोन्ही आणि वर्गणीची माझीच, आणि कॅन्टीनचीही. प्रत्येक वेळी मला वाटलं होतं, लोकांना कळायला हवं. पाचव्या दिवशी रात्री पावणेबाराला एका ॲडमिनने व्हिडिओ @all लावून टाकला. सुभेदार साहेबांच्या पत्नी दवाखान्यातून त्याच दिवशी घरी आल्या होत्या. फोन वाजला, त्यांची झोपमोड झाली. सकाळी साहेबांनी नातवाला सांगितलं, “हे सर्वांना बोलावणं बंद कर.” नातवाने ते नीट बंद केलं. दुसऱ्या दिवशी सात-दहाचा संदेश त्यांच्या फोनमध्ये पोचला आणि न वाजता पडून राहिला. ते सकाळभर बायकोच्या औषधांत होते. फोन बघितला तो घाटावरून परत आल्यावर.

त्यांना भेटायला गेलो. चहा झाल्यावर ते म्हणाले, “सर, मी सिग्नलचा माणूस. नेटवर कुणी दर दहा मिनिटांनी ‘ऑल स्टेशन्स’ बोलावलं असतं तर आम्ही काय केलं असतं?”

मी म्हटलं, “सेट बंद केला असता.”

“सेट बंद करायची कुणाची हिंमत? आवाज कमी केला असता. आणि खरा कॉल आला तेव्हा तो ऐकूच आला नसता.”

नेटवर सर्वांना बोलावण्याचा अधिकार कंट्रोलकडे असतो, आणि बोलावल्यावर प्रत्येक स्टेशन आपापल्या क्रमाने ‘मिळालं’ म्हणून सांगतं. जो बोलला नाही, तो कंट्रोलला लगेच कळतो. लेखी सिग्नलवरही ‘फ्लॅश’ लिहायचा की ‘रुटीन’, हे पाठवणारा ठरवतो, पण त्यावर सही करणारा अधिकारी त्याला जबाबदार असतो. सगळंच फ्लॅश झालं की फ्लॅश उरत नाही. 7 मे 2025 रोजी देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला, जबलपूरही त्या यादीत होतं. सायरनचा अर्थ आधीच ठरलेला असतो: वरखाली होणारा आवाज म्हणजे धोका, एकसारखा लांब आवाज म्हणजे धोका टळला. कुणाच्या वाढदिवसाला सायरन वाजत नाही, म्हणूनच तो वाजला की माणूस उठतो.

माझं मत असं की, ज्याने ग्रुप म्यूट केला त्याने आपल्याला एक गोष्ट उधार दिली आहे: खरंच गरज असेल तर उठवा. @all वापरणारा ती उधारी खर्च करतो, आणि ती स्वतःची नसून दुसऱ्याची असते. केकवाल्याने खर्च केली आणि अंत्ययात्रेला शिल्लक राहिली नाही. सुभेदार साहेबांनी कडी लावली यात त्यांची चूक नाही. ‘सगळ्यांनी @all चालू ठेवा’ असं आवाहन करणारे आहेत, त्यांचं मला पटत नाही. झोपलेल्या माणसाला कान उघडे ठेवायला सांगण्याआधी ओरडणाऱ्याने तोंड आवरावं.

आम्ही आता ग्रुपवर असं ठरवलं आहे. ॲडमिन नवाचे तीन केले, कारण मोठ्या ग्रुपमध्ये किल्ली त्यांच्याकडेच असते. @all तीनच कारणांना: कुणाचं निधन आणि अंत्यसंस्काराची वेळ, तातडीने रक्त लागणं, आणि आधी दिलेल्या निरोपातला बदल. पहिल्या ओळीत काय, कुठे, केव्हा. रात्री दहानंतर @all नाही, रक्ताचा अपवाद सोडून. शोकसंदेश आणि ‘ओम शांती’ दुसऱ्या ग्रुपवर, म्हणजे पुढचा बदल त्यांच्याखाली गाडला जात नाही.

आणि चौथी गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: @all म्हणजे निरोप पोचला असं समजायचं नाही. फोन सायलेंटवर असेल, ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावलेलं असेल, डेटा बंद असेल, किंवा साहेबांसारखी कडी लावलेली असेल, तर ती हाक तिथेच थांबते. पण तपासता येतं. आपण पाठवलेला संदेश दाबून धरून त्याची माहिती उघडली, की कुणी वाचला आणि कुणाला नुसता पोचला याच्या दोन याद्या दिसतात. निळ्या खुणा बंद ठेवणाऱ्यांचंही ग्रुपमधलं वाचन त्यात दिसतं. दोन निळ्या खुणांची वाट बघत बसू नये, उरलेल्या 211 जणांनी वाचल्याशिवाय त्या येत नाहीत.

जानेवारीत पुन्हा एका निधनाची वेळ बदलली. मी सकाळी साडेसहाला @all टाकलं, महिनाभरातलं पहिलं. अर्ध्या तासाने यादी उघडली. गेलेल्या माणसाचे जवळचे सतरा जण आम्ही आधीच लिहून ठेवले होते. त्यांतल्या अकरा जणांनी वाचलं होतं. उरलेल्या सहांना तिघा ॲडमिननी दोन-दोन फोन केले. दहा मिनिटांचं काम. त्यांतला एक नंबर सुभेदार साहेबांचा होता. त्यांनी कडी अजून काढलेली नाही, आणि मी काढा म्हटलेलं नाही.

फोन उचलून ते म्हणाले, “बोला सर, मिळालं.”