दस्तरखान : कलाकंदाचा दाणा

मागच्या वर्षी नणंदेच्या मुलीची मंगनी होती. मेहमानांसाठी कलाकंद मी घरीच करीन, असं मी आधीच सांगून बसले होते. सकाळी चार लिटर म्हशीचं दूध आणलं, उकळी आली आणि दोन लिंबं पिळून मोकळी झाले. क्षणात दूध फाटलं. एका बाजूला पांढरा गोळा, दुसऱ्या बाजूला हिरवट पाणी. ते पाणी आटवलं, साखर घातली, वेलची घातली. ताटात जे थापलं गेलं ते दिसायला कलाकंद होतं, पण दाताखाली रबरासारखं करकरत होतं. दुपारी दुकानातून मिठाई आणावी लागली. पैसे गेले ते वेगळंच, पण चार लिटर दूध वाया गेल्याचं जास्त वाईट वाटलं.

सासूबाई, ज्यांना आम्ही सगळे अम्मी म्हणतो, त्या दिवशी काही बोलल्या नाहीत. आठवड्याने त्यांनी मला शेजारी बसवलं आणि एवढंच म्हणाल्या, "दूध फाडायचं नसतं बेटा, दाणा पाडायचा असतो." हा फरक मला त्यांच्याकडून समजला. तोच आज लिहिते.

पनीर करताना आपण दूध पूर्ण नासवतो आणि पाणी गाळून टाकतो. कलाकंदात पाणी गाळत नाहीत, त्याच कढईत आटवतात. दुधातली प्रथिनं अतिशय बारीक कणांच्या रूपात एकमेकांपासून दूर राहून तरंगत असतात. आंबट पदार्थ पडला की ती एकमेकांना चिकटू लागतात. पातळ, उकळत्या दुधात एकदम खूप आंबट पडलं तर त्यांचे मोठे, घट्ट गोळे होतात. दूध आधी थोडं आटलेलं असेल आणि लिंबाचं पाणी थोडं थोडं पडलं, तर गोळा न होता रव्याएवढे मऊ दाणे होतात. उरलेलं दूध त्यांच्याभोवती खव्यासारखं आटतं आणि दाण्यांना ओलसर ठेवतं. माझ्या चार लिटरचं काय चुकलं ते इथे आहे. मी दूध आटवलंच नव्हतं आणि लिंबू एकदम घातलं होतं.

आता कृती. दोन लिटर ताजं, सायीचं म्हशीचं दूध घ्या. गायीच्या दुधाचा दाणा मऊ होतो, पण बारीक पडतो आणि कलाकंद कमी निघतो. साय काढलेल्या दुधाचा दाणा कोरडा आणि चिवट होतो. कढई जाड बुडाची आणि पसरट हवी.

दूध किती आटलं हे कढईत नजरेने कळत नाही, कारण कढई खाली निमुळती असते. उंची निम्मी झाली म्हणजे दूध निम्मं झालं असं होत नाही. म्हणून मी आधी कढईत सव्वा लिटर पाणी मोजून ओतते, लाकडी उलथणं सरळ उभं धरते आणि पाणी जिथवर लागेल तिथे सुरीने खूण करते. मग पाणी काढून दूध घालायचं आणि मध्यम ते मोठ्या आचेवर, तळ खरवडत, त्या खुणेपर्यंत आटवायचं. साधारण अर्धा तास लागतो.

तेवढ्यात दोन छोटे चमचे लिंबाचा रस गाळून चार मोठे चमचे पाण्यात मिसळून ठेवा. दूध खुणेला आलं की आच मंद करा. लिंबाचं पाणी एक चमचा घाला, हलकं ढवळा, मिनिटभर थांबा. मग दुसरा चमचा. प्रत्येक वेळी उलथण्याच्या पाठीवर बघा. पांढऱ्या दुधात भगरीएवढे कण दिसू लागले की हात थांबवा. आणखी थोडं घालावं असा मोह इथेच होतो. पण दूध आटत जाईल तसा त्यातला आंबटपणाही दाट होत जातो आणि दाणा आपोआप वाढतो. प्रत्येक लिंबाचा आंबटपणा वेगळा, म्हणून सगळं पाणी लागेलच असं नाही. माझ्याकडे बहुतेक वेळा थोडं उरतं.

कणांभोवतीचं पाणी दुधाळ आहे तोवर सगळं ठीक आहे. ते स्वच्छ, हिरवट दिसलं तर दूध फाटलं असं समजा. तेव्हा ते आटवत बसू नका. लगेच गाळून घ्या आणि पनीर म्हणून भाजीत वापरा. मी त्या दिवशी एवढं केलं असतं तरी दूध वाया गेलं नसतं.

दाणा पडल्यावर आच मध्यम करा. उलथणं तळावरून फिरवा, पण दाणे दाबू किंवा चिरडू नका. मिश्रण सैल लापशीसारखं झालं की दीडशे ग्रॅम साखर घाला. साखर विरघळून ते पुन्हा पातळ होतं, घाबरू नका. दहाएक मिनिटांत ते कडा सोडू लागतं. एक चमचा तूप आणि वेलची घाला. थोडं चिमटीत धरून दाबा. आकार धरतं पण बोट ओलसर होतं, तिथे गॅस बंद करा. गार झाल्यावर ते आणखी घट्ट होतं. कढईतच वडी पडेल इतकं कोरडं केलं तर ताटात भुगा होतो. झालंच तसं, तर अर्धी वाटी गरम दूध घालून मंद आचेवर झाकण ठेवा, दाणा बराच मऊ होतो.

तूप लावलेल्या ताटात इंचभर जाडीचा थर हलक्या हाताने पसरा, थापू नका. चार-पाच तासांनी वड्या पाडा. दोन लिटरचा साधारण सहाशे ग्रॅम कलाकंद होतो. तो ओला असतो, म्हणून ज्या दिवशी केला त्याच दिवशी खावा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवावा.

अम्मी स्वतः लिंबू वापरत नाहीत, तुरटी वापरतात. दोन लिटरला मोठी चिमूटभर, पाव चमच्याहून कमी, बारीक कुटून थोड्या पाण्यात विरघळवून, तशीच थोडी थोडी घालायची. तुरटीचा दाणा सुटा आणि जरा कणखर येतो, लिंबाचा वास राहत नाही. पण चिमूट जास्त झाली की जिभेवर तुरट चव राहते. नावच सांगतं. ती किराणा दुकानातून खाण्यासाठी म्हणून मागून घ्या, दाढीसाठीचा खडा कढईत घालू नका. पहिल्यांदा करणारीने लिंबूच घ्यावं, असं माझं मत. अम्मींना ते अजून पटलेलं नाही.

राजस्थानातल्या अलवरचा कलाकंद प्रसिद्ध आहे. तिथे तो खोल डब्यात ओतून अगदी हळू गार करतात. मधला भाग बराच वेळ गरम राहतो आणि तिथे तो तपकिरी होतो. त्यालाच मिल्क केक म्हणतात. घरी करायचा असेल तर ताटाऐवजी उभ्या डब्यात ओता आणि डबा जाड चादरीत रात्रभर गुंडाळून ठेवा.

उर्दू शिकवते म्हणून आणखी एक. यातला 'कंद' जमिनीतला नव्हे. फारसी-उर्दूत क़ंद म्हणजे साखर, गुलकंदातला कंदही तोच. पण कलाकंदात साखर सगळ्यात शेवटी पडते. त्याआधीचा पाऊण तास दाण्याचा असतो.

मंगनी झालेल्या त्या भाचीच्या निकाहला मी पुन्हा चार लिटर दूध आणलं. या वेळी दोन-दोन लिटरचे दोन घाणे केले. अम्मी खुर्ची ओढून शेजारी बसल्या होत्या. तिसरा चमचा घातल्यावर त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "बस."