फरशी वर आली, बेसिन खाली गेले!

साताऱ्यात एखाद्या नव्या बंगल्याची वास्तुशांत होते. पाहुणे बाथरूमच्या टाइल्सचे कौतुक करतात. महिन्याभराने घरातली आजी सुनेला म्हणते, "तोंड धुताना पार वाकावं लागतं गं." प्लंबरला फोन जातो. तो येतो, टेप लावतो, बेसिन साडेएकोणतीस इंचांवर निघते. "मी तर बत्तिसावर खूण केली होती," तो म्हणतो. तो खोटे बोलत नसतो. त्याने खूण केली तेव्हा खाली फरशी नव्हती, एवढेच.

बाथरूममध्ये काय किती उंचीवर असावे, याचे आकडे कोणीही सांगेल. बेसिनची वरची कड ३२ ते ३४ इंच, कमोडची सीट १६ ते १८ इंच, बादलीचा नळ २४ ते २७ इंच, शॉवर साडेसहा ते सात फूट. आकडे बरोबरच आहेत. प्रश्न असा की, हे इंच मोजायचे कुठून? उत्तर एकच आहे, तयार फरशीपासून. आणि ज्या दिवशी प्लंबर भिंतीत झिरी मारतो, त्या दिवशी नेमकी तीच तिथे नसते.

अडीच इंच जातात कुठे?

बाथरूमचा स्लॅब खोलगट असतो. त्यात पाइप टाकून वीटतुकड्यांची भर होते, वर वॉटरप्रूफिंगचा थर येतो. बहुतेक वेळा प्लंबर याच थरावर उभा राहून टेप लावतो. त्यानंतर फरशीवाला येतो. तो दीड-दोन इंच माल टाकतो, त्यावर टाइल, शिवाय पाणी जाळीकडे वाहावे म्हणून उतार. सगळे मिळून दोन-अडीच इंच सहज होतात. फरशी वर येते, भिंतीतले पॉइंट जागेवरच राहतात. बत्तिसाचे बेसिन असेच साडेएकोणतीसवर येते.

यात एकट्या प्लंबरला दोष देणे बरोबर नाही. फरशी किती चढणार हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते, कारण घरमालकाने टाइल निवडलेली नसते. साधी टाइल तीन सूत जाडीची, तर शहाबादी किंवा कोटा जवळपास एक इंचाचा. निवड शेवटी आणि पॉइंट आधी, हा क्रमच उलटा आहे. टाइल ठरल्याशिवाय भिंतीत झिरी मारू देऊ नये, हे घरमालकाच्या हातात असते.

यावरचा उपाय जुनाच आहे आणि त्याला खर्च जवळजवळ नाही. घरात जिथे फरशीची अंतिम पातळी नक्की आहे, म्हणजे मुख्य दाराचा उंबरा किंवा जिन्याची शेवटची पायरी, तिथून बरोबर तीन फूट वर एक खूण करायची. मग लेव्हल नळीत पाणी भरून तीच पातळी बाथरूमच्या चारही भिंतींवर न्यायची आणि दोरीने रेघ मारायची. पुढचे प्रत्येक माप या रेघेवरून घ्यायचे, पायाखालच्या थरावरून नाही.

फक्त एक हिशेब लक्षात ठेवायचा. बाथरूमची फरशी बाहेरच्यापेक्षा साधारण एक इंच खाली असते आणि जाळीकडे आणखी उतरत जाते. सहा फुटांच्या बाथरूममध्ये ऐंशी फुटांना एक फूट असा उतार धरला, तर जाळीच्या टोकाला जवळपास आणखी एक इंच जातो. म्हणजे दाराजवळचे बेसिन ३२ इंचांवर हवे, तर त्याची कड रेघेखाली पाच इंचांवर येते. जाळीजवळचा २४ इंचांचा नळ मात्र रेघेखाली चौदा इंचांवर घ्यावा लागतो. या खुणा भिंतीवर खडूने लिहून फोनमध्ये फोटो काढून ठेवला, की पुढे वाद उरत नाही.

बेसिन कोणासाठी?

आता राहिला प्रश्न ३२ की ३४. कोपर वाकवून सरळ उभे राहावे, कोपराच्या खाली पाच-सहा इंचांवर बेसिनची कड असेल तर पाठ वाकत नाही. पाच फूट उंचीच्या बाईचे कोपर जमिनीपासून साधारण ३७ इंचांवर येते. तिला ३२ इंच छान. पावणेसहा फुटी मुलाला तेच बेसिन बुटके वाटेल, त्याला ३६-३७ हवे. दोन्ही एकाच बेसिनमध्ये जमत नाही. सामाईक बाथरूममध्ये बुटक्या माणसाच्या बाजूने झुकलेले बरे. उंच माणूस थोडा वाकू शकतो. बुटक्याला मात्र हात वर करावे लागतात आणि पाणी कोपरावरून बाहीत उतरते.

सध्या कडप्प्यावर ठेवायच्या वाडगेवजा बेसिनची फॅशन आहे. तिथे हमखास फसगत होते. ओटा ३२ इंचांवर बांधतात, त्यावर पाच-सहा इंचांचा वाडगा बसतो आणि कड ३८ इंचांवर जाते, म्हणजे आजीच्या कोपराच्याही वर! अशा वेळी ओटा २७ इंचांवर बांधावा लागतो. वाडगा आधी विकत घ्यावा, ओटा नंतर बांधावा.

कमोडची चूक महागात पडते

जमिनीवर बसणाऱ्या कमोडची उंची फरशी चढल्याने बदलत नाही, तो फरशीवरच बसतो. पण त्याचा मागचा पाइप भिंतीत जात असेल, तर भोकाचा मध्य तयार फरशीपासून सुमारे सव्वासात इंचांवर लागतो. फरशी चढली की भोक खाली राहते आणि कमोड जुळत नाही. हे निदान बसवतानाच कळते. भिंतीला टांगलेल्या कमोडचे तसे नाही. तो निमूटपणे बसतो. त्याचे बोल्ट टाइलच्या आधीच भिंतीत पक्के झालेले असतात आणि सोळा इंचांची सीट साडेतेरावर येते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिथून उठताना कशाचा तरी आधार शोधावा लागतो. दुरुस्ती म्हणजे भिंत फोडणे.

सुलभतेसाठीच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांमध्ये सीटची उंची ४५० ते ४८० मिलिमीटर, म्हणजे साधारण १८ ते १९ इंच दिली आहे. गुडघ्यांना ती चांगली. पण पाच फुटी आजीचे पाय तिथे लोंबकळतात. म्हणून आधी घरातल्या खुर्च्या-स्टुलांवर बसून पाहावे. तळवे पूर्ण टेकतात आणि हाताचा आधार न घेता उठता येते, ती उंची मोजावी. बऱ्याच घरांत ती सतरा इंचांच्या आसपास निघते.

नळाची परीक्षा याहून सोपी. घरातली सर्वांत मोठी बादली कडी उभी करून भिंतीशी ठेवायची. कडी नळाच्या तोंडाला लागता कामा नये. शॉवर मात्र सात फुटांच्या वर नेऊ नये. टाकी गच्चीवर तीन फुटांच्या चौथऱ्यावरच असेल, तर वरच्या मजल्यावर आधीच धार बारीक असते. शॉवर जितका वर, तितका दाब आणखी कमी.

सांगलीत याच गणिताचे दुसरे रूप दिसू शकते. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत नदीकाठच्या घरांत पाणी शिरले. अशा घरात जुनी फरशी न काढता तिच्यावरच नवी बसवली, तर चिकटवणाऱ्या मालासह अर्धा-पाऊण इंच चढतो. माल टाकून बसवली तर दोन इंच. बेसिन तेच, जागा तीच, पण ते दोन इंच बुटके झालेले असते. इथे भिंत फोडायची गरज नसते. ब्रॅकेटवरचे बेसिन उतरवून दोन नवी भोके वर पाडायची, खालचा वेस्ट पाइप तेवढा लांब घ्यायचा. मात्र टाइल फुटू नये म्हणून ड्रिल हॅमरवर न लावता आधी टाइलच्या बिटाने भोक पाडायचे, आणि जुनी भोके पांढऱ्या सिमेंटने बुजवायची.