मलपृष्ठावर कथा सांगून टाकू नका

मलपृष्ठावरच्या मजकुरात कथानक सांगून टाकलं तर बिघडतं काय, असं म्हणणारा एक पक्ष आहे. त्याचे मुद्दे ठरलेले: रामायणाचा शेवट कुणाला ठाऊक नसतो? चांगलं पुस्तक रहस्यावर उभं नसतं. आणि 2011 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या संशोधकांना असं आढळलं, की शेवट आधी कळलेल्या वाचकांना कथा उलट जास्तच आवडल्या. हा शेवटचा मुद्दा जिंकल्याच्या थाटात मांडला जातो, पण प्रयोग काय होता ते कुणी बघत नाही. त्या लघुकथा वाचकांच्या हातात दिलेल्या होत्या. मलपृष्ठ वाचणाऱ्याने पुस्तक अजून घेतलेलंच नसतं. आवड किती वाटली हा एक प्रश्न, उत्सुकता जागी झाली का हा दुसरा, आणि मलपृष्ठाचं काम दुसऱ्याशीच आहे. रामायणाबद्दल एवढंच, की कीर्तनकाराचा श्रोता ओळखीच्या कथेसाठीच बसलेला असतो. रहस्यकथेत कोणती गोष्ट केव्हा कळावी हीच लेखकाची कारागिरी असते.

स्टीव्हन्सनची 1886ची जेकिल आणि हाइडची कथा घ्या. ‘सज्जन डॉ. जेकिल औषध पिऊन क्रूर हाइड बनतो आणि अखेर त्यातच संपतो’, असं मलपृष्ठ सहज लिहिलं जातं. पण दोघे एकच आहेत हे दहा प्रकरणांपैकी शेवटच्या दोनांतच उलगडतं. तोवर आपण अटरसन या वकिलाबरोबर चाचपडत असतो. मग पहिल्या दोन प्रकरणांत वाचकाला जे कळतं तेवढ्यावरच थांबून लिहावं: ‘वकील अटरसनच्या तिजोरीत एका जुन्या मित्राचं मृत्युपत्र आहे. डॉ. जेकिल मरण पावले, किंवा तीन महिन्यांहून अधिक काळ बेपत्ता झाले, तर सारी मालमत्ता एडवर्ड हाइडला. लहान मुलीला तुडवून पुढे चालता झालेला हाइड हाच. पण धडधाकट माणूस आपण बेपत्ता होऊ, अशी तरतूद का करून ठेवतो?’ इथे ‘अंगावर काटा आणणारी थरारकथा’ हे शब्द नकोत. मूळ कथा एखादं प्रकरण तपासावं तशी संयमाने चालते, मजकुरानेही तोच सूर धरावा.

‘जेकिल कोण हे सगळ्यांना माहीत आहे’ हा आक्षेप पहिल्यांदा वाचणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाला लागू होत नाही. मात्र लपवणं आणि खोटं सांगणं यांत फरक आहे. हाइड हा जेकिलला धमकावून पैसे उकळणारा गुंड आहे असा अटरसनचा संशय मजकुरात यायला हरकत नाही. पण तो संशय म्हणूनच यावा, पुस्तकाने दिलेली माहिती म्हणून नव्हे.