विमानाच्या शेपटीतली ज्वाळा

नाशिकजवळच्या ओझरहून आमच्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. तेथील कारखान्यात सुखोई-३० ही लढाऊ विमाने जोडली जातात आणि चाचणीसाठी उडतात. भगिनी लिहितात, "विमान उठताना मागून दोन लांबलचक ज्वाळा निघतात. पहिल्यांदा पाहिले तेव्हा वाटले, आग लागली. माझा मुलगा सातवीत आहे. तो म्हणतो, ते मुद्दाम पेटवतात. मग सगळी विमाने तशीच का उडत नाहीत?" मुलाचे म्हणणे बरोबर आहे. त्या ज्वाळेच्या यंत्राला आफ्टरबर्नर म्हणतात. मुलाच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र थोडे सविस्तर द्यावे लागेल.

आधी साधे जेट इंजिन पाहू. पुढून हवा आत येते, फिरत्या पात्यांनी ती दाबली जाते, दाबलेल्या हवेत इंधन जळते आणि तापलेला वायू जोराने मागे सुटतो. वायू मागे गेला की विमान पुढे रेटले जाते. हे इंधन म्हणजे आपल्या रॉकेलाचाच शुद्ध प्रकार. मागे सुटण्यापूर्वी हा वायू टर्बाइनची पाती फिरवतो आणि त्याच जोरावर पुढची हवा दाबणारी पाती फिरतात.

अडचण या टर्बाइनपाशी आहे. सुखोईच्या इंजिनाचे नाव एएल-३१. त्याच्या टर्बाइनवर येणारा वायू सुमारे १,४०० अंश सेल्सिअस इतका तापलेला असतो. पात्याच्या आतल्या बारीक वाटांतून हवा खेळवली नाही, तर ते पाते टिकणार नाही. म्हणून इंधन जपूनच जाळावे लागते. त्यामुळे आत आलेल्या हवेतला बराचसा प्राणवायू न वापरताच मागे जातो. शिवाय या इंजिनात हवेचा एक मोठा भाग जळणाच्या कोठीत न जाता बाहेरच्या बाजूने सरळ मागे येतो. ती हवा तर ताजीच असते.

एवढा प्राणवायू फुकट जातो, मग टर्बाइनच्या मागे पुन्हा इंधन का शिंपडू नये? तिथे फिरणारे पाते नाही, जळून जाईल असे काही नाही, आहे ती नुसती नळी. आफ्टरबर्नर म्हणजे हेच. नळीत इंधन फवारणाऱ्या कड्या असतात आणि त्यांच्यामागे इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराच्या पत्र्याच्या पन्हळी. पन्हळी कशाला, तर वारा सुटला की आपण काडी ओंजळीच्या आडोशाला धरतो, त्यासाठीच. नळीतला वायू इतक्या वेगाने वाहतो की ज्योत क्षणात विझेल. पन्हळीच्या आडोशाला वायू भोवऱ्यासारखा घुटमळतो आणि तिथे ज्योत तग धरते. या नळीत वायूचे तापमान १,७०० अंशांच्या पुढे जाते.

आता हिशेब मांडू. जमिनीवर, आफ्टरबर्नर न लावता पूर्ण ताकदीने चालवले तर हे एक इंजिन सुमारे ७,६०० किलो वजनाइतका रेटा देते आणि मिनिटाला सुमारे १०० किलो इंधन जाळते. आफ्टरबर्नर लावला की रेटा १२,५०० किलोवर जातो, म्हणजे दीडपटीहून थोडा अधिक. इंधन मात्र मिनिटाला सुमारे ४०० किलो, चौपट! दोन्ही इंजिने धरली तर मिनिटाला ८०० किलो. दोनशे लिटरची रॉकेलची पाच पिंपे दर मिनिटाला रिती होतात असे समजा. वरच्या ४,९०० किलो रेट्यासाठी ३०० किलो इंधन लागले, तर पहिल्या ७,६०० किलोसाठी अवघे १००. वरचा प्रत्येक किलो रेटा पहिल्याच्या जवळजवळ पाचपट महाग पडला.

असे का होते? पहिले कारण दाबाचे. इंजिनाच्या पोटात हवा सुमारे २३ पट दाबलेली असते, तर मागच्या नळीत दाब असतो जेमतेम तीन पट. फटाक्याची दारू जमिनीवर मोकळी पसरून पेटवा, ती नुसती फुस्स होते. तीच सुतळीत घट्ट आवळली की कानठळ्या बसवणारा बार उडतो. दारू तीच, उष्णता तीच. दाबलेल्या वायूला फुगायला वाव मिळतो आणि त्या फुगण्यातून काम होते. मागच्या नळीत जाळलेल्या इंधनाची बहुतेक उष्णता काही काम न करता तशीच बाहेर जाते. भगिनींना दिसलेली ज्वाळा म्हणजे ही वाया चाललेली उष्णताच.

दुसरे कारण वेगाचे. उणे २७३ अंशांपासून मोजलेले तापमान चौपट केले, तर बाहेर पडणाऱ्या वायूचा वेग फक्त दुप्पट होतो. रेटा वेगाच्या हिशेबाने वाढतो, तापमानाच्या नव्हे. इंधन ओतत जावे आणि हाती थोडेच पडावे, असा हा व्यवहार आहे.

एक अपवाद सांगायला हवा. ध्वनीच्या तिप्पट वेगाने जाणारे अमेरिकेचे एसआर-७१ हे टेहळणी विमान तासन्‌तास आफ्टरबर्नर लावूनच उडत असे. त्या वेगाला समोरची हवाच तोंडात आदळून इतकी दाबली जाते की मागच्या नळीतही दाब चांगला असतो. शेवटी गोष्ट दाबावरच येते.

इंजिनाच्या शेवटी पाकळ्या असलेली तोटी असते. आफ्टरबर्नर पेटताच पाकळ्या उघडून तोंड मोठे व्हावे लागते, कारण तापलेला वायू कितीतरी जास्त जागा मागतो. तोंड उघडले नाही तर वायू तुंबतो, दाब पुढे पंख्यापर्यंत पोचतो आणि इंजिन धडाधडा आवाज करून गुदमरते. उलटही घडते. पाकळ्या उघडल्या पण ज्योत पेटलीच नाही, तर रेटा वाढण्याऐवजी घटतो आणि मागून न जळलेल्या इंधनाचे पांढरे धुके निघते. जड विमान धावपट्टीवर धावत असताना असे झाले तर उठायचे की थांबायचे, हे वैमानिकाला क्षणात ठरवावे लागते.

सुखोईच्या पोटात सुमारे ९,४०० किलो इंधन मावते. जमिनीलगतच्या हिशेबाने सतत आफ्टरबर्नर लावला तर अकरा-बारा मिनिटांत टाकी कोरडी. दहा किलोमीटर उंचीवर हवा जवळपास तिसऱ्या हिश्श्याची होते, म्हणून तिथे इंधन कमी जळते, पण रेटाही त्याच मानाने घटतो. खालच्या थरात झुंज देताना वैमानिकाने तीन मिनिटे आफ्टरबर्नर लावला तर पाव टाकी संपली. परतीच्या वाटेला लागणारे इंधन तो आधीच बाजूला धरून ठेवतो. काटा तिथे आला की शत्रू समोर असला तरी माघारी वळावे लागते.

म्हणून ओझरला पुढच्या वेळी नीट पाहा. विमान जमीन सोडून थोडे वर चढले की ज्वाळा गडप होते आणि पाठोपाठ आवाजही एकदम खाली येतो. इंजिन बंद पडले असे समजून घाबरू नका. वैमानिकाने आफ्टरबर्नर विझवला आहे.