प्रमुखाची दोन मिनिटे

शाळांतून आंतर-हाऊस प्रश्नमंजूषेचा हंगाम आला, की विद्यार्थी-प्रमुखाचे प्रारंभीचे भाषण घरोघरी वडीलधाऱ्यांकडून लिहून घेतले जाते. बहुधा त्यात विद्येची थोरवी असते, खिलाडूवृत्तीचा उपदेश असतो. आणि तिसऱ्याच प्रश्नाला सभागृहात कलकलाट उसळतो. आमच्या मते, तंटा जेथे उपजतो तेथेच प्रमुखाने आधी बोट ठेवावे.

पहिला तंटा बसण्याच्या क्रमाचा. थेट उत्तराला 10 गुण आणि पुढे सरकलेल्या प्रश्नाला 5, अशी रीत धरू. लाल, पिवळा, हिरवा, निळा असे चार गट ओळीने बसले आहेत. लाल गटाचे चारही प्रश्न हुकले, तर ते प्रथम पिवळ्याकडे जातात. म्हणजे केवळ शेजारामुळे त्याला 20 गुणांची जादा संधी! यावर तोड सोपी आहे. जागा चिठ्ठ्या टाकून ठरवाव्यात आणि अर्ध्या खेळानंतर प्रश्न उलट दिशेने सरकवावेत. मग लालचे हुकलेले प्रश्न प्रथम निळ्याकडे जातील. दोष समूळ जात नाही, पण एकाच्याच पदरी पडत नाही.

दुसरा तंटा खास आपल्या सीमाभागातला. 1924 साली महात्मा गांधी अध्यक्ष असलेले काँग्रेसचे अधिवेशन कोठे भरले, असे विचारल्यास एक मूल ‘बेळगाव’ म्हणेल, दुसरे ‘बेळगावी’. 2014 च्या नोव्हेंबरपासून सरकारी नाव बेळगावी आहे. परंतु येथे परीक्षा इतिहासाची आहे, नावाची नव्हे. दोन्ही उत्तरे ग्राह्य, हे खेळापूर्वीच जाहीर व्हावे. मोठ्यांचा वाद मुलांच्या गुणांत कशाला?

तेव्हा निपाणीच्या एखाद्या शाळेतल्या प्रमुखाने असे बोलावे:

“गुरुजन आणि मित्रहो, मी एका हाऊसची आहे, हे सर्वांना ठाऊक आहे; पण घंटा होईपर्यंत मी चारही हाऊसेसची. जागा आत्ताच तुमच्यासमोर चिठ्ठ्यांनी ठरतील. मध्यंतरानंतर प्रश्न उलटे फिरतील. उत्तर मराठीत द्या, कन्नडमध्ये द्या वा इंग्रजीत. गावाचे जुने नावही चालेल. प्रेक्षकांतून कोणी उत्तर पुटपुटले, तर तो प्रश्न बाद होईल आणि राखीव प्रश्न येईल; तेव्हा आपल्याच गटाचे नुकसान करू नका! शंका असल्यास गटनायकाने पुढचा प्रश्न वाचण्यापूर्वी हात वर करावा. नंतर सरांचा निर्णय अखेरचा. आणि भिऊ नका, येथे ‘पास’ म्हणणारा नापास होत नाही. चुकीच्या उत्तराला हसू आले तर हसा, पण उत्तर देणाऱ्यालाही हसू येईल असे हसा. चला, चिठ्ठ्या आणा.”

सावकाश वाचले तरी हे दोन मिनिटांत आटोपते. मात्र राखीव प्रश्न खरोखरच सरांच्या खिशात आहेत ना, हे तिने व्यासपीठावर चढण्यापूर्वी विचारून घ्यावे.