वाढत्या अंगाचं हेल्मेट

कोच सर,

मुलगा यंदा टेनिस बॉल सोडून सीझन बॉलवर येतोय. पालकांच्या बैठकीत किटचा विषय निघाला तेव्हा तिथं जी उत्तरं मिळाली ती तुमची एकट्याची नव्हती, आम्हा आई-बापांचीही होती. समोरची बॉलिंग दहा वर्षांचीच पोरं करतात, मग एवढी भीती कशाला? घ्यायचंच असेल तर एक साइज मोठं घ्या, दोन वर्षं निघतील. नाहीतर कॉमन किट बॅग आहेच. आणि मागून कुणीतरी गावसकरांचं नाव काढलं आणि सगळे हसले. मला यातलं एकही उत्तर पटलेलं नाही. भर बैठकीत वाद घालणं बरं दिसलं नसतं, म्हणून लिहिते आहे.

गावसकरांपासूनच सुरुवात करते. ते हेल्मेटशिवाय खेळले हे खरंच. पण १९८३ मध्ये जॉर्जटाउनला मार्शलचा चेंडू त्यांच्या कपाळावर बसला आणि पुढे टोपीखाली कवटी झाकणारं कवच त्यांनीच वापरायला घेतलं, हा भाग कुणी सांगत नाही. त्या काळच्या धैर्याच्या गोष्टी आपण अर्ध्याच सांगतो. १९७६ मध्ये सबिना पार्कवर अंशुमन गायकवाड ८१ धावांपर्यंत लढले हे सांगतो. कानावर चेंडू बसून त्यांना तिथून थेट रुग्णालयात न्यावं लागलं, हे राहून जातं. १९६२ मध्ये बार्बाडोसला ग्रिफिथचा चेंडू नरी कॉन्ट्रॅक्टरांच्या डोक्याला लागला. तेव्हा ते भारताचे कर्णधार होते. त्यानंतर ते एकही कसोटी खेळले नाहीत. गायकवाड आणि कॉन्ट्रॅक्टर हेल्मेट नको म्हणून उघड्या डोक्यानं खेळत नव्हते. तेव्हा बाजारात हेल्मेटच नव्हतं.

आता ‘बॉलिंग दहा वर्षांचीच पोरं करतात’ याविषयी. मॅचमध्ये करत असतील. पण हंगामातले बहुतेक चेंडू मुलगा मॅचमध्ये खेळणार नाही, नेटमध्ये खेळणार आहे. नेटमध्ये मोठी पोरंही हात मोकळा करायला येतात आणि तुम्ही स्वतः दहा-बारा पावलांवरून थ्रो टाकता. मॅटिंगखाली खडा आला, कडेला सुरकुती पडली की गुडघ्याएवढा येणारा चेंडू हनुवटीला येतो. त्याला बॉलरचा वेग लागत नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे नवशिक्या मुलाला चेंडू लागतो तो बरेचदा त्याच्याच बॅटची कड घेऊन. स्वीप करताना, आडवी बॅट फिरवताना तोंड चेंडूच्या रेषेत असतं. कड लागून वर उडालेला चेंडू दोन हातांवरून चेहऱ्यावर येतो आणि तिथं डोळ्याची पापणी मिटायलाही वेळ नसतो. टाकणारा दहा वर्षांचा असो की वीस, दात तेवढेच तुटतात.

माझी खरी हरकत ‘एक साइज मोठं’ या सल्ल्याला आहे. शाळेचा गणवेश आपण वाढत्या अंगाचा घेतो. बाही दुमडली की काम भागतं. हेल्मेटची बाही दुमडता येत नाही. मी मुलाचं डोकं टेपनं मोजलं, भुवयांच्या वर बोटभर आणि मागे जिथं डोकं सगळ्यात जास्त फुगलंय तिथून. त्रेपन्न सेंटिमीटर भरलं. मग शेजारच्या मोठ्या मुलाचं हेल्मेट त्याला घालून बघितलं. पट्टा आवळला तरी मान खाली घातली की पुढची कड डोळ्यांवर यायची आणि मान वर केली की कपाळ उघडं पडायचं. त्याला एक धाव काढायला लावली, तर क्रीजमध्ये पोचेपर्यंत त्यानं दोनदा हातानं हेल्मेट वर ढकललं. चेंडू बघायच्या वेळी हेल्मेट सावरणारा मुलगा हेल्मेट नसलेल्या मुलापेक्षा सुरक्षित आहे असं मी कसं मानू?

सैल हेल्मेटचा आणखी एक दोष आहे आणि तो बाहेरून दिसत नाही. आतला फोम डोक्याला सगळीकडून टेकलेला असेल तरच धक्का पसरतो. पोकळी असेल तर आधी हेल्मेट डोक्यावर आपटतं. म्हणून दुकानात करायची परीक्षा सोपी आहे. पट्टा न लावता हेल्मेट घालायचं आणि मान डावी-उजवी, वर-खाली जोरात हलवायची. हेल्मेट डोक्याबरोबर फिरलं पाहिजे. कपाळाची कातडी त्याच्याबरोबर थोडी सरकली तर माप बरोबर. त्यानंतर पट्टा हनुवटीखाली, एक बोट जेमतेम जाईल इतका. ही परीक्षा कुरिअरनं मागवलेल्या हेल्मेटवर आधी करता येत नाही. त्यामुळे मुलाला बरोबर घेऊन नागपूर किंवा हैदराबाद गाठावं लागलं तरी माझी तयारी आहे.

आता जाळी, आणि इथं कॉमन किट बॅगेचा प्रश्न येतो. क्रिकेटच्या नियमांत मोठ्यांच्या चेंडूचा घेर २२.४ ते २२.९ सेंटिमीटर आणि वजन साधारण १५६ ते १६३ ग्रॅम. तेरा वर्षांखालच्यांच्या चेंडूचा घेर २०.५ ते २२ सेंटिमीटर, वजन १३३ ते १४४ ग्रॅम. म्हणजे मोठा चेंडू सव्वासात सेंटिमीटरच्या आसपास रुंद आणि पोरांचा साडेसहा ते सात. हेल्मेटची पुढची कड आणि जाळीची वरची दांडी यांच्यातली फट मोठ्यांच्या चेंडूला अडवत असेल, म्हणून ती पोरांच्या चेंडूला अडवेलच असं नाही. चेंडू आपटल्यावर दबतो आणि जाळीही थोडी वाकते, म्हणून फट चेंडूपेक्षा चांगलीच लहान हवी. २०१३ साली ब्रिटिश मानक बदललं तेव्हा जाळीची चाचणी मोठ्यांच्या आणि पोरांच्या चेंडूसाठी वेगवेगळी करायची असं ठरलं, ते याचसाठी. हेल्मेटच्या आत बीएस ७९२८:२०१३ असं लिहिलेलं असेल तर त्याखाली कोणत्या चेंडूसाठी चाचणी झाली हेही वाचावं लागतं.

बॅगेतल्या हेल्मेटांच्या आत मी बैठकीनंतर डोकावले. एकाचं स्टिकर घामानं गेलेलं, एकाच्या जाळीचा स्क्रू नव्हता. तिसऱ्याची जाळी कुणीतरी चेंडू नीट दिसावा म्हणून वाकवून फट वाढवलेली. मोठ्या पोरांनी हे केलं असेल, त्यांना दोष देत नाही. पण पोरांचा चेंडू त्या फटीत धरून बघितला तर अडत-अडत का होईना, आत जात होता. नुसत्या हातानं दाबून जो चेंडू नाकापर्यंत पोचतो, तो बॅटची कड घेऊन आल्यावर कुठं थांबणार? बॅग पॅड ठेवायला ठीक आहे. हेल्मेट आणि गार्ड मात्र ज्याचं त्याचं असावं. गार्डबद्दल जास्त लिहीत नाही. ते सैल चड्डीत ठेवलं तर पहिल्या धावेला मांडीवर जातं, म्हणून त्याची घट्ट चड्डी वेगळी घ्यावी लागते, एवढं सगळ्या पालकांना सांगा. बायका हा विषय काढत नाहीत आणि बाप हसून टाळतात.

हे वाचून तुम्हाला वाटेल की बाई आता पोराला चिलखत घालून पाठवणार. तसं नाही. दुकानदार ‘फुल किट’ म्हणून छातीचं गार्ड, कोपराचं गार्ड, दोन्ही मांड्यांची पॅड असं सगळं पुढे करतात. यातलं बरंचसं पहिल्या हंगामात नको. एवढं अंगावर चढवलं की मूल पाय हलवत नाही, आणि पाय न हलवणारा मुलगाच जास्त मार खातो. माझी यादी लहान आहे: मापाचं हेल्मेट, गार्ड, मापाचे ग्लव्हज, मापाचे पॅड आणि पुढच्या पायाला हलकं थाय पॅड. ग्लव्हजमध्ये बोटांची टोकं शेवटपर्यंत पोचली पाहिजेत. रिकामी टोकं हँडलभोवती नीट वळत नाहीत, पकड सुटते आणि बोट चेंडू व हँडल यांच्यामध्ये चिरडतं. पॅडची गुडघ्याची वाटी गुडघ्यावरच यावी. वर मांडीवर आली तर धावताना पोरगं अडखळतं आणि धावबाद होतं. ते तुम्हालाही परवडणार नाही.

मानेमागे लावायचं संरक्षण मी घेणार आहे, पण त्याचा फार गवगवा करत नाही. २०१४ मध्ये सिडनीत फिलिप ह्यूज यांना मानेवर, हेल्मेटच्या खाली चेंडू लागला आणि दोन दिवसांनी ते गेले. त्यानंतर हे जोड सगळीकडे दिसू लागले. दहा वर्षांच्या मुलाला तसा वेगवान बाउन्सर येणार नाही. पण पुल मारताना मुलं तोंड फिरवतात आणि मान उघडी पडते, म्हणून असलेलं बरं. ते त्याच हेल्मेटच्या मॉडेलचं हवं, नाहीतर लोंबकळतं.

माझ्या हातात नसलेल्या गोष्टी तुमच्या हातात आहेत, त्या विचारते. हेल्मेटशिवाय बॅटिंग नाही हा नियम थ्रो-डाउनलाही लागेल का? स्टंपजवळ उभा राहणारा कीपरही त्यात धरला जाईल का? इंग्लंडमध्ये अठरा वर्षांखालच्या बॅट्समनला आणि स्टंपजवळच्या कीपरला जाळीचं हेल्मेट बंधनकारक आहे. तेरा वर्षांखालच्या मुलांना मधल्या स्टंपपासून अकरा यार्डांच्या आत उभं करत नाहीत, अपवाद फक्त विकेटच्या मागे, ऑफ साइडचा. आपल्याकडे फॉरवर्ड शॉर्ट लेगला सगळ्यात लहान पोराला उभं करायची रीत आहे. रमण लांबा १९९८ मध्ये ढाक्यात शॉर्ट लेगला हेल्मेटशिवाय उभे राहिले. षटकाचे तीनच चेंडू उरलेत म्हणून त्यांनी ते मागवलं नाही. डोक्याला चेंडू लागल्यावर ते स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर गेले आणि तीन दिवसांनी वारले. ते अडतीस वर्षांचे होते, सगळं कळणारे. आमचा तर ‘दोनच बॉल राहिलेत सर’ हे रोज म्हणणार.

आणि डोक्याला लागल्यावर काय? पाणी पाजून, दहा मिनिटं सावलीत बसवून पुन्हा बॅटिंगला पाठवायचं, हे मला मान्य नाही. २०१९ मध्ये लॉर्ड्सवर आर्चरचा चेंडू लागल्यावर स्टीव्ह स्मिथ तपासणी होऊन पुन्हा बॅटिंगला आला आणि दुसऱ्या दिवशी त्रास दिसून आल्यावर बाहेर बसला. त्याच्या दिमतीला डॉक्टर होते. आपल्या मैदानावर तुम्ही आहात. त्यामुळे डोक्याला जोरात लागलं की त्या दिवशी खेळ बंद, पालकांना फोन, आणि उलटी, गुंगी, वाढती डोकेदुखी, विसंगत बोलणं यातलं काहीही दिसलं तर थेट रिम्स. जोरात आपटलेलं हेल्मेटही परत बॅगेत टाकायचं नाही.

शेवटचं चेंडूविषयी. बैठकीत कुणी विचारलं नाही. पोरांना मोठ्यांचे जुने चेंडू आणि कॉर्क बॉल मिळतात, स्वस्त पडतात म्हणून. पोरांच्या आकाराचे चेंडू डझनानं आणायचे ठरलं तर आम्ही पालक वर्गणी काढायला तयार आहोत, मी त्यातल्या तिघांशी बोलले आहे. तुम्ही कोणता चेंडू वापरणार हे कळवा, म्हणजे तोच खिशात घालून हेल्मेट घ्यायला जाते. शनिवारी नेट्सच्या आधी थोडा वेळ मिळाला तर बॅगेतली ती तीन हेल्मेटं तुम्हाला उघडून दाखवते.

आपली,
एक पालक, आदिलाबाद