पट्टी न चुकता सांगते!

हल्ली शिवणाचे पेपर कटिंग विकत आणावे लागत नाही, फाइल म्हणून फोनवर येते. ब्लाउजचा पुढचा भाग, पाठ, बाही असे तुकडे आठ-दहा ए-फोर कागदांवर विभागलेले असतात. ते छापायचे, जोडायचे आणि कापडावर ठेवून कापायचे. आमच्या छाणीत शिवण करणाऱ्या बऱ्याच मराठी भगिनी अशी फाइल झेरॉक्सवाल्याकडे पाठवतात. पाने छापून येतात, खुणा एकमेकींशी बरोबर जुळतात आणि तरीही शिवलेला ब्लाउज घट्ट होतो. दोष कात्रीकडे जातो. प्रत्यक्षात तो प्रिंटिंगच्या एका पर्यायात असतो.

वाचकहो, घरचा किंवा दुकानातला बहुतेक प्रिंटर कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापू शकत नाही. कागद धरून पुढे सरकवायला त्याला थोडी कोरी कड लागते. अनेक प्रिंटरमध्ये ती प्रत्येक बाजूला साधारण 4 मिलिमीटर असते. ए-फोर कागद 210 मिलिमीटर रुंद आणि 297 मिलिमीटर उंच. दोन्ही बाजूंच्या कडा वजा केल्या, तर छापायला जेमतेम 202 मिलिमीटर रुंदी उरते. पानाचा कोणताही भाग कापला जाऊ नये म्हणून संगणक सगळे पानच त्या जागेत बसवतो. 202 भागिले 210, म्हणजे सुमारे 96 टक्के. उंचीही त्याच प्रमाणात कमी होते, म्हणून आकार बिघडत नाही, फक्त माप लहान होते.

पत्र किंवा निमंत्रण असेल तर याने काही बिघडत नाही, ब्लाउजचे मात्र बिघडते. 36 इंच छातीसाठी तयार ब्लाउजचा घेर 38 इंच धरला आहे, म्हणजे दोन इंच ढिलाई आहे, असे समजा. 38 चे 96 टक्के साधारण साडेछत्तीस इंच होतात. ढिलाई उरली अर्धा इंच! मुंढाही त्याच हिशेबाने आखडतो, म्हणून हात वर केला की काखेत ओढ बसते.

मग जोडताना हे लक्षात का येत नाही? कारण सगळीच पाने सारख्या प्रमाणात लहान झालेली असतात. रेषेला रेषा अचूक मिळते आणि आपली खात्री पटते. स्क्रीनवर पाहूनही कळत नाही. तिथले 100 टक्के म्हणजे खऱ्या सेंटिमीटरचे माप नव्हे. पडदा केवढा आणि त्यावर ठिपके किती दाट, यावर ते ठरते. तीच फाइल एका संगणकावर मोठी, दुसऱ्यावर लहान दिसते.

म्हणून चांगल्या पॅटर्नच्या पहिल्या पानावर तपासणीचा चौकोन दिलेला असतो, बहुधा 10 सेंटिमीटरचा. आधी तेवढे एकच पान छापून घ्या आणि चौकोन आडवा व उभा, दोन्हीकडून पट्टीने मोजा. 9.6 भरला तर 96 टक्क्यांवर छापले गेले आहे. 9.4 च्या आसपास भरला तर प्रिंटरमध्ये ए-फोरऐवजी अमेरिकन `Letter` कागद निवडलेला असण्याची शक्यता आहे. तो उंचीला फक्त 279 मिलिमीटर असतो आणि 297 चे पान त्यात बसवले की 94 टक्के होते.

उपाय सोपा आहे. अ‍ॅडोबी रीडरमध्ये छापताना `Fit` किंवा `Shrink oversized pages` न निवडता `Actual size` निवडा. क्रोममधून छापत असाल तर `More settings` उघडून `Scale` मध्ये `Custom` घ्या आणि 100 लिहा. कागद `A4` आहे ना, तेही पाहा. एवढे करूनही चौकोन लहान आला, तर प्रिंटरच्या स्वतःच्या `Properties` मध्ये वेगळे स्केलिंग चालू आहे का ते बघावे. खऱ्या मापात छापताना अगदी कडेची रेघ कापली जाऊ शकते. पण पॅटर्न करणारे सहसा तेवढी जागा सोडतात.

दुकानात फाइल व्हॉट्सअ‍ॅपवरून द्यायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. स्क्रीनशॉट काढून फोटो पाठवला की त्यात मापच उरत नाही. सोबत एवढे सांगा, ‘भाई, फिट ना करता, एक्चुअल साइज पर काढजो.’

आणि 96 टक्क्यांवर छापलेली पाने हाताशी असतील तर कडेने माया वाढवून काम भागवू नका. माया सगळीकडे सारखी वाढते. छाती, मुंढा, बाही मात्र आपापल्या लांबीच्या प्रमाणात कमी झालेली असतात. आठ-दहा कागद पुन्हा छापणे कापडापेक्षा स्वस्त पडते.